थोडंसं आम्ल

सुनयनाला बघत राहायची खोड होती. अणशी गावच्या घरी ती भाताच्या वाफेकडे बघत बसायची आणि भात खाली लागायचा. "पोरगी हितं हाय, जीव कुठं फिरतोय कुणाला ठावं," असं तिची आई रुक्मा म्हणायची. जोयड्याच्या कॉलेजात बारावी सायन्सला आल्यावरही ती खोड सुटली नाही.

परमँगनेटच्या टायट्रेशनच्या दिवशी तर ती हरवूनच गेली. खाली शंकुपात्रात ऑक्झॅलिक आम्ल, वर ब्युरेटच्या आकडे कोरलेल्या काचनळीत गर्द जांभळं द्रावण. पहिला थेंब पडला आणि विरघळावं की नाही अशा विचारात पडल्यासारखा रेंगाळला. मग हळूच पुसला गेला. पुढचे थेंब मात्र टेकताक्षणी नाहीसे होऊ लागले. शेवटी एका थेंबाची फिकट गुलाबी झाक उरली ती उरलीच; तिथंच थांबून ब्युरेटवरचा आकडा घ्यायचा होता. काचेपलीकडे डोंगरावर धुकं उतरत होतं. आपणही त्या पाण्यात विरत चाललोय, असं तिला वाटलं.

रीडिंग चांगलं आलं. अहवालात मात्र कृतीच्या जागी तिने गाइडमधली वाक्यं जशीच्या तशी उतरवली : घ्या, ओता, तापवा.

रसायनशास्त्राच्या राखी मॅडमनी वही परत केली. "हे कुणाला सांगतेस? मला?"

"गाइडमध्ये असंच हाय, मॅडम."

"गाइड अजून न झालेल्या प्रयोगाबद्दल बोलतं. तुझा झालाय. काय घेतलंस, किती घेतलंस, काय दिसलं, ते भूतकाळात लिही. जो त्या दिवशी इथं नव्हता, त्याला तुझं वाचून तसाच प्रयोग करता यायला हवा."

शनिवारी घरी जाणाऱ्या बसमध्ये सुनयनाने खिडकीला डोकं टेकलं. झाडांची सावली डोळ्यांवरून सरकत होती. त्या गुंगीत प्रयोगशाळा पुन्हा उभी राहिली. ब्युरेट आधी पाण्याने, मग परमँगनेटने धुतली होती. टोकातला हवेचा बुडबुडा घालवला होता. द्रावण गडद, म्हणून रीडिंग वरच्या कडेला घेतलं होतं. पिपेटने दहा मिलि ऑक्झॅलिक आम्ल मोजून शंकुपात्रात सोडलं होतं. आम्ल घालून मिश्रण साठ ते सत्तर अंशांपर्यंत तापवलं होतं. घरी पोचल्यावर तिने सगळं लिहून काढलं. पहिल्या थेंबाचं रेंगाळणंही लिहिलं. ते वगळायला तिचं मन होईना.

सोमवारी मॅडमनी वही वाचली आणि वर्गातल्या नागराजच्या हातात दिली. रामनगरहून येणारी त्याची बस बिघडल्यामुळे त्याचा तो प्रयोग बुडाला होता.

"हिने जे केलं, तेच कर. सुनयना, तू बाजूला उभी राहा. बोलायचं नाही."

नागराज एकेक वाक्य वाचून करू लागला. आपलेच हात दुसऱ्याच्या अंगाला फुटल्यासारखं सुनयनाला वाटलं. मध्येच तो थबकला.

"मॅडम, हितं 'थोडंसं विरल सल्फ्युरिक आम्ल घातलं' असं हाय. थोडंसं म्हणजे किती?"

"तुला वाटेल तेवढं."

त्याने चार थेंब घातले. सुनयनाच्या ओठांवर आलेलं तिथंच राहिलं. मिश्रण तापलं, जांभळे थेंब पडू लागले, काही वेळ नाहीसेही झाले. मग गुलाबी यायच्या आधीच पात्रात तपकिरी गढूळपणा पसरला, पावसाळ्यातल्या ओढ्यासारखा.

"माझं काय चुकलं?" नागराज घाबरून म्हणाला.

"तुझं न्हाई," सुनयना म्हणाली. तिचे कान तापले होते. "मी टेस्टट्यूब भरून घातलं व्हतं. वीस मिलि. मला ते डोळ्यांपुढं दिसत व्हतं, म्हणून लिहायचं राहिलं."

मॅडम रागावल्या नाहीत. "आम्ल कमी पडलं की हे तपकिरी होतं. लिही आता."

सुनयनाने 'थोडंसं' खोडून वर लिहिलं : एक टेस्टट्यूब, म्हणजे वीस मिलि, विरल सल्फ्युरिक आम्ल घातलं.

नागराजने पात्र धुऊन पुन्हा सुरुवात केली. पहिला थेंब रेंगाळला, तसा त्याने हात आखडला, वहीत पाहिलं आणि तो हसला. "'पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ लागला.' बरं झालं लिहिलंस. परत बिघडलं म्हणून मी ओतून टाकणार व्हतो."

गुलाबी झाक आली आणि टिकली. रीडिंग नऊ पूर्णांक आठ दशांश मिलि. सुनयनाचंही तेवढंच होतं. मॅडमनी वहीवर सही केली आणि त्या शेजारच्या वर्गात गेल्या. ती दोघं मात्र बराच वेळ त्या फिकट रंगाकडे बघत उभी राहिली.