मधोमध बसवलेली काडी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. आता दुकान बंद करून बसले होते, पण गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. जन्मभर त्यांनी एकच देव मानला, तो म्हणजे मध्य. बटणपट्टी मधोमध, कॉलरचं टोक मधोमध, खिसा जागच्या जागी. कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी भिंतीवरची तिरकी चौकट सरळ केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. यजमानांना याचा राग यायचा, पण मास्तरांच्या हातची पँट अंगात असली की माणूस फार बोलू शकत नाही.

तर या मास्तरांची थोरली बहीण, म्हणजे ताई, दोन गल्ल्या सोडून राहायची. ताईच्या अंगणात एक आंबा होता. कोणी तरी खाऊन फेकलेल्या कोयीतून तो उगवला होता. फळ लहान, साल जाड, दिसायला असं की बाजारात कोणी फुकट दिलं तरी घेणार नाही. पण चव अशी की एकदा खाल्लेला माणूस पुढच्या वर्षी न बोलावता यायचा. त्या चवीचा दुसरा आंबा कुठेच नव्हता.

ताईच्या मुलाने जुनं घर पाडून नवं बांधायचं काढलं. झाडाच्या मुळांनी भिंतीला तडे पाडलेले, तेव्हा झाड जाणार हे ठरलंच. ताई यावर भांडली नाही, आणि मास्तरांना नेमकी त्याचीच भीती वाटली. आयुष्यभर मीठ जास्त पडलं म्हणून भांडणारी बाई एका शब्दाने बोलली नाही. उलट ती घरातल्या वस्तू वाटत सुटली. पितळी डबा सुनेला, चांगल्या साड्या भाचीला, शिवणाची टोपली मास्तरांना.

"ही टोपली मला कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"मला आता काय करायचीय? झाड गेलं, घर गेलं, माझंही काय ते उरकलंच," ताई म्हणाली, आणि शांतपणे भाजी निवडू लागली.

मास्तर घरी आले ते टोपली काखेत घेऊन, आणि रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी ठरवून टाकलं. झाड वाचणार नसेल तर त्याचं कलम करायचं. ताईचं मन ताळ्यावर आणायला दुसरा इलाज त्यांना दिसेना.

गावाबाहेरच्या रोपवाटिकेत एक बाई होत्या, हातात चाकू आणि तोंडात टोमणा कायम तयार. मास्तरांनी सगळं सांगितलं आणि आपली अक्कलही पाजळली.

"माझ्या परसात चिकूचं झाड आहे, दणकट आहे. त्याच्यावरच आंब्याची काडी लावली तर?"

"लावा की. मग म्हशीला घोड्याचं पोर होईल, तेही सांगा मला," बाई म्हणाल्या. "आंब्याला आंब्याचाच खुंट लागतो, मास्तर. काजू तर आंब्याचा नातेवाईक, तरी तोसुद्धा आंब्याची काडी धरून ठेवत नाही. खाली कोयीपासून वाढवलेलं आंब्याचं रोप, वर तुमच्या ताईच्या झाडाची काडी. मुळं रोपाची, फळ ताईचं."

"मग ताईच्या झाडाची कोयच पेरली तर?"

"कोयीतून येणारं झाड आईसारखंच निघेल याचा नेम नाही. तोच आंबा हवा असेल तर काडीच हवी."

मग त्यांनी पिशव्यांतली आंब्याची रोपं दाखवली, पेन्सिलीच्या जाडीची, टवटवीत. आणि काडीची तयारी सांगितली. जून पण न फुटलेला शेंडा निवडायचा, पानं देठ ठेवून छाटून टाकायची आणि आठ-दहा दिवस काडी तशीच झाडावर ठेवायची. त्यात शेंड्याचा डोळा फुगतो. फुगला पण उघडला नाही, की कापायचा.

मास्तर तयारीला लागले. दिवस दमट होते, कलमाला चांगले. डोळे फुगल्यावर काड्या कापून ते रोपवाटिकेत गेले, आणि बाईंनी कृती दाखवली. रोपाचा शेंडा कापायचा, मध्ये सरळ चीर द्यायची, काडीच्या खालच्या टोकाला दोन्हीकडून तासून पाचर करायची आणि ती चिरेत बसवायची. कात्री काढली तर बाई ओरडल्या, कात्री लाकूड चेपते, धारदार पातं घ्या. मास्तरांनी पातं घेतलं आणि एका ओढीत असा काप मारला की बाईंनी भुवया उंचावल्या. एवढी गुळगुळीत पाचर त्यांच्या जुन्या माळ्यालाही जमली नसती.

"हात आहे तुमचा," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. तिथेच घोळ झाला, कारण मास्तरांना वाटलं की आता आपल्याला कळलं.

घरी आणून त्यांनी सगळी रोपं स्वतः बांधली. काड्या पातळ, खुंट जरा जाड. मास्तरांनी प्रत्येक काडी चिरेच्या बरोबर मधोमध बसवली, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून, अगदी फूटपट्टी लावून. वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली, ओल राहावी म्हणून काडीवर लहान पिशवीची टोपी घातली, आणि सगळी रोपं सावलीत मांडली. पाहायला इतकं सुंदर काम झालं होतं की बायकोने शेजारणींना बोलावून दाखवलं.

काही दिवसांनी एका रोपाला लालसर कोवळी पानं फुटली. मास्तर ताईकडे धावले, चप्पल घालायचंही विसरले.

"ताई, फुटलं! तुझं झाड फुटलं."

ताईच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी काही तरी हललं. ती काठी घेऊन त्यांच्याबरोबर निघाली. दोघांनी पानं डोळे भरून पाहिली. मग मास्तरांनी बाईंना बोलावणं धाडलं, कौतुकासाठी. बाई आल्या, खाली वाकल्या आणि नखाने ती पानं तोडून टाकली.

"अहो!" मास्तर म्हणाले.

"ही खुंटाची पानं. सांध्याच्या खालून आलीत. राहू दिली तर सगळं बळ तीच खातील, ती काढतच राहायची असतात." त्यांनी वरच्या काडीला नख लावलं. आत तपकिरी, कोरडी. दुसरीही तशीच, आणि तिसरीही.

ताई काठी टेकत घरी गेली, आणि तिची पाठ मास्तरांना बघवेना.

बाईंनी एका रोपाची पट्टी सोडून सांधा उघडला. पाहिलं आणि हसू आवरेना. "मास्तर, शर्टाला खिसा लावलात का? जिवंत थर लाकडाच्या मधे नसतो. सालीच्या आत, लाकडाच्या वर, एक हिरवट ओलसर पापुद्रा असतो. जे काही जुळायचं ते त्या पापुद्र्यात जुळतं. खुंटाचा पापुद्रा काडीच्या पापुद्र्याला भिडला, तरच रस चढतो. तुमची काडी बारीक. तुम्ही मधोमध ठेवलीत, तर दोन्हीकडे ती त्याला चुकली."

"मग करायचं कसं?"

"काडी एका कडेला सारा. तिथली साल सालीला लागू दे. दुसऱ्या बाजूला उघडं दिसलं तरी चालेल."

"म्हणजे वाकडं."

"वाकडं," बाई म्हणाल्या. "मेलेलं सरळ हवं की जिवंत वाकडं, ते तुम्ही ठरवा."

झाड तोडणारे पुढच्या पंधरवड्यात येणार होते. मास्तर तडक ताईच्या अंगणात गेले. चांगले शेंडे आधीच संपले होते, खालच्या फांदीवर फक्त काही बारीक उरले होते. त्यांनी त्यांचीच पानं छाटली, डोळे फुगेपर्यंत रोज जाऊन बघून आले, आणि झाड पडायच्या आदल्या दिवशी काड्या कापून ओल्या कापडात गुंडाळून आणल्या. काड्यांना आता दुसरी संधी नव्हती, हे त्यांना आणि ताईला दोघांनाही माहीत होतं.

ताई स्वतःच येऊन स्टुलावर बसली. मास्तरांनी पहिली पाचर नव्या रोपाच्या चिरेत घातली, आणि हात आपोआप मध्याकडे गेला. त्यांनी तो थांबवला. काडी डाव्या कडेला सारली. साल सालीला टेकली, उजवीकडे खुंटाचं पांढरं लाकूड उघडं राहिलं. असा शर्ट त्यांनी कोणाला दिला असता, तर गिऱ्हाइकाने तो उसवून परत आणला असता.

"वाकडं बसलंय रे," ताई म्हणाली.

"वाकडंच बसवायचंय."

"तुझ्याच्याने?" ताई म्हणाली आणि हसली. मास्तरांना तेवढ्यावर उमेद आली, आणि उरलेल्या काड्या त्यांनी एकामागून एक कडेला सारून बांधून टाकल्या.

झाड पडलं त्या दिवशी ताई मास्तरांकडेच होती. आवाज दोन गल्ल्यांपलीकडून येत होता. ती रोपांना पाणी घालत राहिली, मुळाशी, सांध्यावर थेंब न पडू देता, जसं बाईंनी सांगितलं होतं. खालून फुटणारे कोंब ती निर्दयपणे मोडत होती. मग एका सकाळी टोपीच्या आत, सांध्याच्या वर, एक तांबूस टोक दिसलं. या वेळी मास्तर धावले नाहीत. आधी खाली वाकून पाहिलं, परत पाहिलं, आणि मग ताईला हाक मारली. पानं उलगडल्यावर टोपी काढली. सगळ्या काड्यांपैकी दोन जगल्या, आणि त्यातली एक जोमाने वाढली. सांधा भरून आल्यावर पट्टीही सोडली, नाही तर ती खोडात रुतते.

नवं घर उभं राहिलं, तेव्हा पुढच्या मोकळ्या जागेत ते कलम भिंतीपासून चांगलं लांब लावलं, सांधा मातीच्या वर ठेवून. आणि दुसऱ्या हंगामाला, गुडघाभर उंचीच्या त्या रोपट्याने मोहोर धरला. टीचभर दोन झुबके, पण वास अगदी तोच.

बाई पाहायला आल्या. "खुडून टाका," त्या म्हणाल्या. "एवढ्या जीवाने फळ धरलं तर वाढ खुंटेल. पहिली दोन-तीन वर्षं मोहोर ठेवायचा नाही."

मास्तरांचा चेहरा पडला. ताईची उरलेली वर्षं त्यांना बोटांवर मोजता येत होती. "एकच झुबका ठेवू," ते म्हणाले. "एक तरी आंबा धरू दे. ताईला एकदा चव मिळू दे. मग वाढ का खुंटेना."

बाईंनी ताईकडे पाहिलं. हे ठरवणं त्यांच्या कामाचं नव्हतं.

ताईने काठी भिंतीला लावली. कमरेवर हात ठेवून हळूहळू वाकली. मोहोराचा देठ अंगठा आणि बोटात धरला, क्षणभर नाकाशी नेला आणि मग मोडून टाकला. दुसराही मोडला.

"तीन वर्षांनी खाऊ पोटभर," ती म्हणाली. "मला कुठे जायचं आहे? आणि तू तोवर गुडघ्यांना तेल चोळत जा. आंबे उतरवायला मी परका माणूस बोलावणार नाही."