पुरा कोयता

वाशिमच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची खोली आहे, तिथे मी बसते. फुकट वकील मागायला येणाऱ्यांचे अर्ज लिहून देते. मी साधी स्वयंसेवक, पण तोंड फटकळ, म्हणून लोक मला मॅडम म्हणतात.

भाऊसिंग आला तो तणतणतच. इंझोरीकडच्या तांड्यावरचा, दरसाल ऊसतोडीला जाणारा माणूस. हातातली नोटीस त्यानं टेबलावर आपटली.

"सासूनं केस टाकली माह्यावर! पोरगी माही, अन् ताबा तिले पायजे."

मी नोटीस आणि सोबतचे कागद वाचले. सासू भुरीबाई. नात मंजू, वय अकरा. मंजूची आई सुंदरबाई गेल्या हंगामात ताप अंगावर काढत उसाच्या फडातच वारली. तेव्हापासून मुलगी आजीकडे होती आणि आता आजीला तिची कायदेशीर पालक व्हायचं होतं. तारीख शुक्रवारची होती. फुकट वकिलाचा अर्ज काढून मी आधी त्याची कमाई विचारली.

"तिलेबी इथूनच वकील भेटला म्हनते," भाऊसिंग म्हणाला. "तिची कमाई कोनी नाई इचारली. माही काहून इचारता?"

"बाईमानसाले कमाईची अट नाई, भाऊ. तुमाले हाये. सालाची तीन लाखाच्या आत असली का वकील भेटते, पैसा लागत नाई. पन खरं सांगा, खाली शपथेवर सही करा लागते."

तो जरा निवला. मोबाइल काढून त्यानं मंजूचा फोटो दाखवला. दोन वेण्या, शाळेचा गणवेश. "पाचवीत हाये. इंग्रजी वाचते फडफड," तो म्हणाला, आणि त्याचा आवाजच बदलला. मला त्याची फार दया आली. याची पोर याला मिळालीच पाहिजे, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

"बोला, सालाची कमाई?"

"लिहा दीड लाख."

मी थांबले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला मुकादम सहसा घेत नाही.

"बाई तर गेली. मंग दीड लाख कसे?"

"पोरगी आली का पुरा कोयता होते ना!" तो उत्साहानं सांगू लागला. "मुकादमाशी बोलनं झालं. यंदा पोरगी नुसत्या मोळ्या बांधीन, हलकं काम. मंग तोडाले शिकन. कोर्टालेबी दिसू द्या, बापात पोसाची धमक हाये."

आजीच्या अर्जातली ओळ मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवली. बाप मुलीला शाळेतून काढून ऊसतोडीला नेईल, अशी भीती तिनं लिहिली होती.

"हे तुमीच शपथेवर लिहून देऊन राह्यले," मी म्हटलं. "भुरीबाईले वकील कायले पायजे मंग?"

"मंग पोरीचं नका लिहू."

"नाई लिहित. पोरीवाचून कमाई किती?"

"रोजमजुरीचे पन्नासेक हजार."

मी तेवढेच लिहिले. वकील मिळायला ते पुरेसे होते. पण माझ्यानं गप्प बसवेना.

"अन् कोर्टानं पोरगी देली, तर मंग तुमच्यासंग ऊस तोडाले कोन जाईन?"

मोबाइलचा पडदा काळा झाला होता, तरी भाऊसिंग त्यातच बघत होता.

"तिची माय फडात उतरली तवा बारा वर्साची होती," तो म्हणाला. "लय चपळ होती. मीच सांगत असतो सगळ्याइले. अन् फडातच गेली."

प्रकरणाचा तपशील लिहायचा रकाना रिकामाच होता. काय मागायचं, ते मी विचारलं.

"लिहा. पोरगी भुरीबाईजवळ राहू द्या. मले भेटू द्या मधामधात." तो घुटमळला. "तिचा मामा लखीराम, तोबी उसालेच जाते. त्यानंबी तिले नेऊ नाई, असं कोर्टाले मांगता येते का?"

"येते. वकील तसं लेखी देईन कोर्टात."

त्यानं वाकडीतिकडी सही केली. अर्ज मी आतल्या खोलीत सचिव साहेबांपुढे नेला. ते स्वतः न्यायाधीश आहेत. तारीख जवळ असल्यामुळे त्यांनी लगेच वकील नेमून दिला. वकिलांचं नाव आणि नंबर लिहिलेला कागद मी भाऊसिंगच्या हातात दिला. त्यानं घडी घालून तो खिशात ठेवला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"मॅडम, लोहाराकडं एक लहान कोयता बनवाले टाकला होता. तिच्या हाताले बसन असा. तयार झाला म्हने. आता त्याचं काय करू?"