यादी पाहुण्यांना दिसू नये

माइकच्या तोंडाला फडकं बांधलेलं असायचं, धूळ जाऊ नये म्हणून.

डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि त्यावर एक आडवी रेघ मारली.

आईचा फोटो थोरलीच्या घरात आहे. धाकटीकडे फोटो नाही, आईची शाल आहे.

खुर्च्या एकात एक घातल्या की अख्खा हॉल एका कोपऱ्यात मावतो.

पाहुण्यांची यादी कोणाला दिसेल? फक्त यजमानांना.

*

हे सगळं एकाच घरातलं.

आबा बस स्टँडवर गाड्या पुकारायचे. निवृत्त होऊनही ते 'चहा ठेवतेस का' हे असं विचारत, की शेजारचेही उठून बसत. आता गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. ऑपरेशनला जायच्या आधी एका संध्याकाळी सगळ्यांना बोलवायचं, आवाज आहे तोवर चार शब्द बोलायचे, एवढंच त्यांना हवं होतं. खरं तर तेवढंही नाही. दोन्ही मुली एका खोलीत हव्या होत्या.

दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आई गेल्याचं धाकटीला शेजारणीच्या फोनवरून कळलं होतं. ताई म्हणे, मी लावला होता, लागला नाही. छोटी म्हणे, मग पुन्हा लावायचा. त्या एका न लागलेल्या फोनवर दोघींचं सगळं थांबलं होतं.

सून एका हॉलच्या ऑफिसात काम करायची. लग्नं, वाढदिवस, निरोपसमारंभ, सगळ्यांची मोबाइलवरची निमंत्रणाची पानं तीच बनवायची. आबा तिला 'मॅनेजर' म्हणत.

"मॅनेजर, ताईला कळलं छोटी येतेय, तर ती यायची नाही. आणि छोटीला कळलं तर तिचंही तेच."

"कळणार नाही. पान खाजगी ठेवते, ज्यांना निमंत्रण त्यांनाच दिसेल. आणि यादी लपवते. प्रत्येकाला फक्त आपलं उत्तर दिसेल, दुसऱ्याचं नाही. किती जण येतायत तेही नाही."

"आणि दारात भेटल्या तर?"

"दारापर्यंत आल्या की आपण जिंकलो, आबा."

पाहुण्यांना पानावर काही लिहिता येणार नाही, असंही तिनं करून ठेवलं. कोणी उत्साहानं 'ताई, भेटू गं' लिहिलं म्हणजे पंचाईत. मग आबांचा हट्ट, मला यादी बघायचीय. यादी फक्त यजमानांना दिसते, म्हणून तिनं त्यांना सहयजमान केलं.

*

येणार. येणार. कदाचित. येणार, सोबत एक.

आबा दिवसभर फोन घेऊन बसू लागले. भाजी निवडताना, औषध घेताना. नातू म्हणाला, "आजोबा, मोबाइलला डोळे चिकटतील." ते म्हणाले, "चिकटू दे. दोघींची नावं तिथंच आहेत."

दोघींच्या नावापुढे 'येणार' होतं.

*

ज्यानं आयुष्यभर पुकारलं, त्याच्या पोटात गाडीची वेळ राहत नाही.

पाहुण्यांना लिहिता येत नव्हतं. पण आबा पाहुणे नव्हते. सहयजमानाला यादी दिसते, तसं पानावर लिहिताही येतं. एके सकाळी चहा पिता पिता त्यांनी लिहिलं:

'प्रवाशांनी लक्ष द्यावे. माझ्या दोन्ही मुली येत आहेत. अजून काय हवं?'

आणि पाठवलं. पानावर लिहिलेलं सगळ्या निमंत्रितांच्या फोनवर वाजतं. ताईच्याही. छोटीच्याही.

सून आंघोळीहून आली, वाचलं, मजकूर काढून टाकला. "आबा! काय केलंत हे?"

"काढलंस ना? मग झालं."

"पानावरून काढलं. फोनवर वाजलेलं कसं काढू?"

दुपारपर्यंत ताईचं 'येणार' गेलं, 'नाही' आलं. संध्याकाळच्या आत छोटीचंही.

*

आबांनी दोघींना फोन केला. बोलताना त्यांना आता दर वाक्याला थांबावं लागत होतं.

"ताई, छोटी येत नाहीये गं. तिनं नाही म्हणून कळवलंय. तू ये."

"आबा, काल लपवलं होतंत ना? मग आज खरं सांगताय हे मी कशावरून धरू?"

छोटीला फोन लावला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तिलाही हेच सांगितलंत ना?"

आबा खोटं बोलले असते तर बरं, पण स्टँडवर त्यांनी कधी न येणारी गाडी पुकारली नव्हती. ते म्हणाले, "हो."

छोटीनं फोन ठेवला.

*

"यादी उघडते," सून म्हणाली. "बघू देत त्यांना डोळ्यांनी. तुम्ही खोटं बोलत नाही हे तरी कळेल."

"उघडलीस तर दोघींना दिसेल, दुसरी येत नाही."

"मग येतील."

"आणि एकीनं 'येणार' केलं, की तेही दुसरीला दिसेल."

आबांनी उगाचच चष्मा पुसला.

"मग एकीलाच यादी दाखवते, आबा. दुसरीचं मी नंतर बघते. एक तरी येईल. नक्की."

"कोणती?"

बापाला हा प्रश्न विचारायचा नसतो, आणि नकळत तिनं तोच विचारला होता.

"उघड," आबा म्हणाले.

तिनं 'यादी लपवा'समोरची खूण काढली. यादी सगळ्यांना दिसू लागली. शेवटी, 'नाही'च्या खाली, दोघी बहिणी शेजारी शेजारी. कित्येक वर्षांत इतक्या जवळ त्या बसल्या नव्हत्या.

*

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ताईचं नाव 'कदाचित'मध्ये गेलं.

आबा उठून उभे राहिले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

थोड्या वेळानं छोटीचंही 'कदाचित'मध्ये. दोघी तिथं होत्या. सूनही भाजी तशीच टाकून येऊन उभी राहिली. दोघांपैकी कोणीही फोनला बोट लावलं नाही, जसं काही हललं की पाखरं उडतील.

ताई परत 'नाही'त गेली.

मग छोटी.

"तिनं हिचं पाहिलं," आबा म्हणाले. "मग हिनं तिचं."

सून म्हणाली, "आबा, फोन ठेवा."

"ठेवतो." पण ठेवला नाही.

*

हॉलमध्ये पुढच्या ओळीत सुनेनं दोन खुर्च्या मोकळ्या ठेवल्या. त्यांवर कोणाला बसू दिलं नाही. स्टँडवरचे जुने कंडक्टर आले होते. एकजण ओरडला, "आबा, गाडी वेळेवर का?" सगळे हसले, आबाही.

ते बोलायला उभे राहिले. सुनेला वाटलं, मुलींबद्दल बोलतील. ते गाड्यांची नावं सांगत राहिले. कुठली कुठून सुटते, कुठली कुठं थांबते, जुन्या सगळ्या, आवाज जाईपर्यंत. दर नावानंतर ते दरवाजाकडे बघत होते. शेवटी आवाज इतका खाली गेला की मागच्यांना ऐकू येईना, तरी कोणी 'मोठ्यानं' म्हणालं नाही.

मग त्यांनी माइकवर फडकं बांधलं, त्यांच्या सवयीनं, गाठ घट्ट.

सुनेनं खुर्च्या एकात एक घातल्या. ती दोन खुर्च्यांपर्यंत आली आणि तशाच सोडून दिवा मालवायला गेली.

*

निमंत्रण गेलं त्या दुपारी सगळ्यात आधी 'येणार' कळवणाऱ्या दोघी होत्या, आधी छोटी, लगेच ताई.