सहा जणींचा गट

मालन घाग सोळा वर्षं स्क्रू घट्ट करत होती. रत्नागिरीच्या एमआयडीसीत विजेचे मीटर जोडायचा कारखाना होता. तिथे अठरा बायका एका सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसायच्या. पहिली खोक्याचा तळ ठेवायची, दुसरी तारा बसवायची, असं करत करत शेवटची झाकण लावून शिक्का मारायची. मालनची जागा अकरावी. मीटर समोर आला की चार स्क्रू, वरून लोंबणाऱ्या हवेच्या पान्याने. मग पुढचा मीटर. तो कुठून येतो, कुठे जातो, आत काय असतं, हे तिने कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. मध्येच लघवीला जायचं तर हात वर करायचा. बदली बाई आली तरच उठायचं.

ती लागली तेव्हा दर तीस सेकंदांना एक मीटर पुढे जायचा. पाळीत नऊशे. चौथ्या वर्षी अनिलसर आले. कारखान्याचे इंजिनियर, हातात पाटी, पाटीला अडकवलेलं घड्याळ. ते सगळ्या जागांवर थोडे थोडे थांबले आणि शेवटी मालनच्या मागे येऊन उभे राहिले.

"मालनताई, पट्टा तुमच्या जागेवर अडतो. बाकीच्यांचं काम आधी होतं, चार स्क्रूंना वेळ लागतो. जरा बघू या."

त्यांनी स्क्रूंची वाटी उजवीकडून उचलून थेट तिच्या डाव्या हातापाशी ठेवली. पान्याची दोरी वीतभर खाली घेतली. मग सलग वीस मीटर मोजले. मालन तेव्हा एकतीस वर्षांची होती. इतकी वर्षं कुणी तिच्या हाताकडे असं बघितलं नव्हतं. तिने जीव लावून केलं. एकवीस सेकंद आले.

"वा," अनिलसर म्हणाले.

पुढच्या सोमवारी पट्टा चोवीस सेकंदांवर लागला. पाळीत अकराशे पंचवीस.

जेवणाच्या सुट्टीत मालन डबा उघडून बसली आणि तिच्या बाजूचं बाकडं रिकामं राहिलं. आधी सगळ्यांचा एक न बोलता ठरलेला वेग होता. कुणी घड्याळ घेऊन आलं की हात थोडे सावकाश चालवायचे, म्हणजे उद्या जमेल तेवढंच अंगावर येतं. हे मालनला ठाऊक होतं. घड्याळासमोर ती विसरली. दोन महिने तिच्याशी कुणी बोललं नाही. नवव्या जागेवरची राही गोताड तेवढी तिसऱ्या दिवशी आपला डबा घेऊन बाजूला येऊन बसली. राही तिच्याहून आठ वर्षांनी मोठी.

"तुका शाबासकी हवी होती गो," राही म्हणाली. "कोणाला नको असते? घे, कुळथाची पिठी खा."

एवढंच. तो विषय राहीने परत काढला नाही.

पट्टा तीन वर्षांपूर्वी बंद झाला. आता एकाच नमुन्याचे लाखभर मीटर कुणाला नको होते. या आठवड्यात एक नमुना तीनशे, पुढच्या आठवड्यात दुसरा दीडशे, अशा मागण्या यायला लागल्या. गॅस कटरने पट्ट्याचे तुकडे केले आणि ट्रकमध्ये टाकले. त्या जागी घोड्याच्या नालासारखी वळलेली टेबलं आली. टेबलापाशी सहा जणींचा गट. प्रत्येकीने सगळी कामं शिकायची. अनिलसरांच्या छातीवर आता 'टीम कोच' लिहिलेलं होतं.

"इथून पुढे तुमच्यावर साहेब नाही," ते म्हणाले. "काम कसं वाटून घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

मालन तारांना कथलाचा डाग द्यायला शिकली, तपासणीच्या यंत्रावर आकडे वाचायला शिकली. पहिल्यांदा एक अख्खा मीटर तिने एकटीने जोडला आणि दिवा लावून बघितला तेव्हा आत जुन्या मीटरसारखी फिरती चकती नसतानाही ते यंत्र युनिट मोजायला लागलं. ती थोडा वेळ बघत राहिली. चांगलं वाटलं होतं तिला. हे खोटं नाही.

पण त्याच महिन्यात बहुतेक जणींना कंपनीतून काढून माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडे दिलं. रोज संध्याकाळी सातला फोनवर यादी यायची: उद्या कोण. नाव असलं तर जायचं, नसलं तर घरी. आठवड्यात कधी सहा दिवस, कधी दोन. नाव नसलेल्या दिवशी मालन आवरून बसायची आणि मग काय करायचं ते तिला सुचायचं नाही. नवरा मुंबईला इमारतीवर वॉचमन. तो फोनवर म्हणायचा, आराम कर.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी फोनवर एक फॉर्म यायचा. गटातल्या प्रत्येकीला पाचपैकी गुण द्यायचे. खाली एक चौकोन: 'सर्वांत जास्त सुधारणेची गरज कुणाला?' तिथे एक नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नसे.

राहीच्या उजव्या हाताची बोटं कितीतरी वर्षांपासून बधिर होती. पट्ट्यावर ते कळलं नाही. तिच्या जागेवर खोक्याच्या खाचेत रबर दाबायचं असायचं, ते अंगठ्याने व्हायचं. आता डाग देताना तार तिच्या चिमटीतून निसटायची. गटाचा दिवसाचा आकडा भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचा. हिरवा असला तर ठीक. लाल झाला की पाच जणी राहीच्या हाताकडे बघायच्या, आणि बघितलं नाही असं करायच्या. एकदा ती मोरीत जाऊन आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "सात मिनिटं लागली." कुणी म्हणालं ते मालनला आठवत नव्हतं. कदाचित तीच म्हणाली असेल.

भाद्रपदात तिने चौकोनात राहीचं नाव भरलं. अंगठ्याने दाबलं, हिरवी खूण आली, फोन ठेवला, भात लावला. दुसऱ्या आठवड्यापासून यादीत राहीचं नाव येईनासं झालं. टेबलापाशी सर्वेश नावाचा नवा मुलगा आला. त्याचे हात छान चालायचे. राहीबद्दल कुणी काही बोललं नाही. मालनला वाटलं, आपल्याला आता वाईट वाटेल. वाटलं नाही. दोन महिने गेले.

दिवाळीनंतर सानवीला कॉलेजात प्रकल्प मिळाला. सानवी मालनची मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय समाजशास्त्र. तिच्या मॅडमनी सांगितलं होतं, कामाचं शास्त्रीय व्यवस्थापन आणि आजचं लवचीक काम यांची तुलना पुस्तकातून उतरवू नका. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांना विचारा.

"तूच तर आहेस," सानवी म्हणाली आणि वही घेऊन ओट्यापाशी बसली. यादीत नाव नव्हतं म्हणून मालन घरी होती.

सानवीने वेळ विचारली, पगार विचारला, काय शिकलीस ते विचारलं. मालन सांगत गेली. वाटी डावीकडे, पान्याची दोरी खाली, वीस मीटर, एकवीस सेकंद.

"म्हणजे काम कसं करायचं ते अनिलसर ठरवायचे आणि तू फक्त करायचीस."

"हो."

"आणि तुझा वेग त्यांनी शंभर टक्के धरला?"

"म्हणजे?"

"मोजताना माणूस नेहमीपेक्षा भरभर करत असेल तर तसं लिहायचं असतं. एकशे वीस टक्के वगैरे. मग वेळ वाढवून धरतात, शिवाय थकव्याची सूट वेगळी. तसं केलं असतं तर अठ्ठावीसच्या आसपास आले असते." सानवीने वहीत आकडा मांडून दाखवला. "चोवीस नाही."

मालनने आकड्याकडे बघितलं. म्हणजे सगळा दोष तिचा नव्हता. पंधरा वर्षांनी हे कळून तिला काही झालं नाही.

"आता पुढचा प्रश्न," सानवी म्हणाली. "पट्ट्यावर असताना तुमच्यावर लक्ष कोण ठेवायचं?"

"पट्टाच. तो सरकला की हात हलवायलाच लागतो. आणि अनिलसर."

"आणि आता?"

सानवी पेन धरून थांबली.

"आता आम्हीच," मालन म्हणाली.

सानवी लिहायला लागली. मालन उठली, साडी बदलली. "कुठे?" सानवीने विचारलं. "निवळीला, राहीताईकडे जाऊन येते," ती म्हणाली आणि दुपारच्या एसटीने निघाली.

राही घराच्या पडवीत सुपात कुळीथ निवडत होती. डाव्या हाताने. मालनला बघून तिने सूप थोडं सरकवलं. मालन बसली आणि निवडायला लागली. खडे कमी होते.

"हात कसा आहे?" मालनने विचारलं.

"आहे. डॉक्टर म्हणतो मनगटाची शीर दबली. कापायला सांगतो." राहीने हात उलटसुलट केला. "कापून काय, परत तिथे थोडंच बोलावणार?"

"राहीताई, माझ्यामुळे बोलवत नाहीत."

राही निवडत राहिली.

"त्या फॉर्मात मी तुझं नाव भरलं. भाद्रपदात."

"पाच जणींनी भरलंन," राही म्हणाली. "मला अनिलसरांनी दाखवलं. सहापैकी सहा."

मालनला हिशेब लागला नाही. "सहा कसे? आम्ही पाच. सहावी तर तू."

"मी पण माझंच भरलं." राहीने सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला. "चौकोन रिकामा सोडून पुढे जात नव्हतं ते. मग कुणाचं भरू? तुझं भरू? बोटं तर माझीच चालत नव्हती."

पडवीबाहेर ऊन होतं. शेजारच्या वाडीत कुणीतरी कोयत्याने झावळ्या तोडत होतं, तो आवाज ठरावीक अंतराने येत होता. आपण रडायला हवं, असं मालनला वाटलं. डोळे कोरडेच राहिले. निवडलेलेच कुळीथ ती परत निवडायला लागली. राहीने आत जाऊन पाणी आणलं.

"मला रागाव तरी," मालन म्हणाली.

"कुणाकुणावर रागावू? पट्टा होता तेव्हा सरांना चार शिव्या घालायचे, बरं वाटायचं. आता शिव्या कुणाला घालायच्या तेच कळत नाय." ती खाली बसली. "पाणी पी."

मालन पाणी प्यायली. दोघींनी कुळीथ संपवले. मग राहीने चहा केला. कप डाव्या हाताने धरून आणताना बशीत थोडा सांडला.

"परवा सिव्हिल हॉस्पिटलात ऑपरेशनचा नंबर लावायला जायचं तर मी येते बरोबर," मालन म्हणाली.

"परवा यादीत नाव आलं तर?"

"आलं तर नाही जाणार."

"एकदा नाही गेलीस तर पुढचे चार दिवस बोलवत नाहीत. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

राहीने कपबशा उचलल्या. निघताना तिने कागदात थोडे कुळीथ बांधून दिले.

परवाच्या यादीत नाव आलं होतं. मालन गेली नाही. सिव्हिलमध्ये दोघी अकरापासून दीडपर्यंत बाकड्यावर बसल्या. डॉक्टरांनी राहीच्या मनगटावर टिचक्या मारल्या, बोटांना कापूस लावला, लागतंय का विचारलं. मग मालनकडे बघून म्हणाले, "तुमचाही हात दाखवा." ती हात अंगठ्याने चोळत बसली होती, तिच्या लक्षातही नव्हतं.

तिने डोळे मिटले. डॉक्टर तिच्या बोटांवरून कापूस फिरवत होते.

"आता लागतंय?"

"कुठे?" मालनने विचारलं.