ईदची कोर

ईदच्या दुसऱ्या दिवशी जिनत कोथरूडच्या ऑफिसात आली आणि रोजच्यासारखी व्हायरल फोटो तपासायला बसली. पहिला फोटो तिनेच शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यापुढे, सलिलपुढे सरकवला. समुद्रावर चंद्रकोर, खाली ओळ: ‘दुबई, ईदची संध्याकाळ.’ फोटो कोणाचा, ते सांगितलं नाही.

“थापा!” सलिल म्हणाला. “मार्चमध्ये दुबईत संध्याकाळची कोर नावेसारखी आडवी दिसते. ही जवळजवळ उभी आहे, उजेड डावीकडे. दक्षिण गोलार्ध, अक्षांश पस्तिशीच्या आसपास.”

“पहाटेची असेल तर?”

“ईदला पहाटे कोर कुठली? क्षितिज सरळ आहे, बोटीवरची अक्षरंही सुलटी आहेत. म्हणजे फोटो कलवलेला नाही, उलटवलेलाही नाही.”

हे सगळं तिने कालच ताडून पाहिलं होतं.

“निकाल काय लिहू?”

“फोटो खरा, दावा खोटा.”

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. “जिनत, आमीर ईदला घरी आला नाही, पण चाँद तरी धाडला माझ्या लेकाने. दुबईतही आपल्यासारखाच दिसतो ना गं?”

“हो अम्मी, अगदी आपल्यासारखाच,” जिनत म्हणाली आणि तिने पुढचा फोटो उघडला.