चौदा हजारांचा हप्ता

सांताक्रूझची नोकरी गेली आणि नव्या नोकरीत संघमित्राचा पगार बासष्ट हजारांवरून अडतीसवर आला. घरकर्जाचे अठरा लाख बाकी होते, व्याज नऊ टक्के. बँकेच्या बोरीवली शाखेत तिने अर्ज दिला: वर्षभर चोवीसऐवजी चौदा हजारांचा हप्ता, मग पुन्हा चोवीस, मुदत एक वर्षाने वाढवून.

अधिकाऱ्याने तो वाचलाही नाही. "मॅडम, तुमचा एकही हप्ता थकलेला नाही, मग सवलत कशी देणार? सोळा टक्क्यांनी पर्सनल लोन घ्या ना."

"म्हणजे वेळेवर भरले हीच माझी चूक?" ती कडाडली. "महिन्याचं व्याज साडेतेरा हजार, ते चौदात निघतंय. नाही म्हणायचं तर लेखी द्या!"

त्याने अर्जावर शिक्का मारून पोचपावती दिली. तीन आठवड्यांनी मंजुरी आली, पण क्रेडिट रिपोर्टवर 'पुनर्रचित कर्ज' असा शेरा पडलाच. तिचा संताप काही उतरला नाही.