आज शेवटचा दिवस

“मामा, तुमचा शेवटचा दिवस नक्की कवा हाय?”

माझ्या वर्गातल्या धुरपी आणि कमळीनं पैज लावली होती, की हौसराव सराफांच्या भरल्या दुकानात जाऊन मी हे विचारायचं. म्हणून विचारलं. आणि विचारल्यावर कळलं की मी काय बोलून बसले. गादीवर बसलेल्या दोन बायकांनी पदर तोंडाला लावला. हौसरावांच्या हातातला तराजू हलला.

“कुणाची गं तू?”

“मच्छिंद्र लाऊडस्पीकरवाल्यांची. म्हंजी सेलचा शेवटचा दिवस, मामा. दसऱ्यापासून रोज कर्ण्यावर आज शेवटचा दिवस, आज शेवटचा दिवस चाललंय. आमच्या शाळेत पोरी आता हजेरीलासुद्धा ‘आज शेवटचा दिवस’ म्हणत्यात.”

बाहेर धुरपी हसून हसून खांबाला लटकली होती. मला वाटलं आता कान पिरगाळला जाणार. पण हौसरावांनी तराजू खाली ठेवला. “आवाज खणखणीत हाय गं तुझा. तुझ्या बापाचा म्हंजी फुटका हंडा. तू बोलशील का कर्ण्यावर?”

मी तिथल्या तिथं हो म्हणाले. वक्तृत्वस्पर्धेत नुकताच तालुक्यात पहिला नंबर आला होता, आणि त्या दिवसांत मला कोणी विमान चालवशील का विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते. पण अट घातली. मजकूर मी लिहिणार.

कर्ण्याचं एक असतं, जे आप्पा, माझे वडील, मला लहानपणापासून सांगत आलेत. कर्ण्याची जीप चालती असते. दारात भांडी घासणाऱ्या बाईला जीप तिच्या घरावरून जाईपर्यंत जेवढं ऐकू येईल तेवढंच आपलं. म्हणून मुख्य गोष्ट एका दमात, आणि पुन्हा पुन्हा. लांबड लावली की एका घराला नुसतं दुकानाचं नाव कळतं आणि दुसऱ्याला नुसता पत्ता.

मी लिहिलं: “हौसराव सराफ, शिरूर. दिवाळीची सूट मजुरीवर, सोन्याच्या भावावर नाही. निम्मी मजुरी माफ. धनत्रयोदशीच्या दिवेलागणीपर्यंत, पुढं नाही. जुनं सोनं मोडून नवं करायचं असेल तर दुपारच्या आत या, कारागीर तेव्हाच कस लावतो. तयार दागिना हवा असेल तर सकाळी या, गर्दी नसते, लवकर मोकळ्या व्हाल.”

हौसरावांनी कागद धरून नाक वर केलं. “ह्यात ‘धावा’ कुठंय? ‘पळा’ कुठंय? ‘मागून पस्तावाल’ कुठंय?”

“मामा, धनत्रयोदशी म्हणलं की बाई आपसूक धावती. खोटं धावायला लावलं तर एकदाच धावती.”

“आन् ही वेळ कशाला सांगायची? बसंना का दुकानात दिवसभर. बसली की चार वस्तू बघती.”

“बसली की तिची एसटी जाती, मामा. घरी जनावरं हंबरत असत्यात. पुन्यांदा तुमच्याकडं येती का ती?”

गादीवरची एक बाई म्हणाली, “पोरगी खरं बोलती, सराफ. मागच्या खेपेला मी तुमच्या पायरीवर भाकरी खाल्ली.” त्यामुळे मजकूर पास झाला.

आप्पांकडे नवी टेप होती, बोललेलं भरून ठेवायची. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा मी ओशाळून उशीत तोंड घातलं. दुसऱ्यांदा ऐकला तेव्हा उशी बाजूला ठेवली. तिसऱ्यांदा आईला हाक मारून ऐकवला. जीप न्हावऱ्यावरून, पारगावचा नदीवरचा पूल ओलांडून राहूपर्यंत, तिकडून केडगाव, दौंड असं हिंडू लागली आणि दुकानात खरंच गर्दी झाली. बायका सकाळी यायच्या, जुनं सोनं घेऊन दुपारच्या आत यायच्या, काम झालं की स्टँडकडे चालायला लागायच्या. पायरीवर भाकरी खाणारं कोणी दिसेना. मी शाळेत जाताना मुद्दाम दुकानावरून जायचे.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी हौसरावांनी निरोप दिला, की एक वेगळी टेप भर, फक्त शेवटच्या दिवसापुरती. मला पटलं. शेवटच्या दिवशी “धनत्रयोदशीपर्यंत” म्हणण्यापेक्षा “आज” म्हणणं बरं. मी भरली. “आज शेवटचा दिवस. निम्मी मजुरी माफ, आज दिवेलागणीपर्यंत. जुनं सोनं घेऊन दुपारच्या आत या.” कसली झकास भरली होती! ‘आज’ असा काही उच्चारला होता की झोपलेला माणूस चपला शोधेल.

धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी, नरकचतुर्दशीला, फराळाचं ताट धुरपीकडे द्यायला निघाले तर सराफाच्या पायरीवर सात-आठ बायका. सूट तर काल संपली होती. एक बाई दारात उभी राहून बोलत होती, हातात फडक्याची पुरचुंडी.

“आवं, पर कर्णा सकाळी वरडला की आमच्या राहूत! हातातलं पीठ तसंच टाकून आले मी. लेकीचा दिवाळसण हाय. ह्या बुगड्या मोडून तिला कुड्या करायच्या. जावई पाडव्याला येनार.”

“सूट संपली, साखरबाई,” हौसराव थंडपणे म्हणाले. “आन् कारागीर काल रातीच गावाला गेला. मोडून करणं आता भाऊबीजेनंतर. पण आलाच हायसा तर तयार कुड्या बघा की. बुगड्या ठेवून घेतो, वरचं काय ते बघू. पूर्ण मजुरी पडंल. दिवाळसण करून लेकीला मोकळ्या कानानं सासरी धाडायचं का?”

मी ताट घेऊन तिथंच उभी राहिले. मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“मामा, आज कुठली टेप लावली?”

साखरबाईंनी गर्रकन मान वळवली. “ह्योच! ह्योच आवाज! ए पोरी, तूच म्हनलीस ना, आज या म्हनून? दुपारच्या आत या म्हनून? मी दुपारच्या आत आलेय बघ! आता सांग, कुठं हाय तुजा कारागीर?”

बाकीच्या बायका माझ्याकडे वळल्या. एक म्हातारी नुसती बघत होती, ते जास्त लागलं. आवाज माझाच होता. आवाज माझा असून मी तिथं नव्हते, आणि काल जे खरं होतं ते आज नदीपलीकडे जाऊन खोटं बोलत होतं.

“मामा, ती टेप कालच्यापुरती होती! तुम्हीच सांगितलं होतं!”

“आगं, तुला काय कळतंय धंद्यातलं?” हौसराव हसले. हसले! “कर्ण्याचं काम माणूस आणायचं. माणूस आलं ना? दुकानात आलेलं माणूस मोकळं जात न्हाई. लक्ष्मीपूजन, पाडवा, आजून दोन दिस फिरवायची हाय जीप. तुझ्या बापाचंच भलं.”

दुकानाच्या ओट्यावर आप्पांचाच कर्णा आणि माईक लावलेला होता, सणाची गाणी लावायला. मी फराळाचं ताट हौसरावांच्या काचेच्या कपाटावर आदळलं, चकल्या उडाल्या, आणि माईक उचलला.

“हौसराव सराफ, शिरूर. सूट काल संपली. आज मजुरी पूर्ण आहे. कारागीर दुकानात नाही. जुनं सोनं घेऊन येऊ नका, भाऊबीजेनंतर या. आज तुम्हाला बोलावणारी टेप कालची आहे!”

समोरच्या किराणावाल्याच्या हातातली पुडी तशीच राहिली. रस्त्यातली माणसं थांबली. मी दुसऱ्यांदा सुरू केलं, कारण पुन्हा पुन्हा सांगायचं असतं, तेवढ्यात हौसरावांनी वायर उपटली.

“उतर खाली! तुझ्या बापाला सांग, कर्णा उचलून ने म्हणावं. परत ह्या पेढीची पायरी चढायची न्हाई!”

“तुमच्या पायरीवर बायका बसवायच्याच असत्यात, मामा, चढवायच्या न्हाईत. मला ठाऊक हाय.”

साखरबाईंनी पुरचुंडी कमरेला खोचली. “चला गं बायांनो. लेकीच्या कानात माझ्या बुगड्याच घालीन, न्हाईतर मोकळी धाडीन, पर ह्याच्याकडचं न्हाई.” मी स्टँडपर्यंत त्यांच्याबरोबर गेले. एसटीत बसल्यावर साखरबाई खिडकीतून म्हणाल्या, “आमच्या आळीतल्या आजून तिघी उद्याच्याला निघायच्यात. मी सांगंन त्यांना. पर पारगावला कोन सांगनार? केडगावला?”

गाडी गेली. मी धावतच घरी आले.

आप्पा ओट्यावर बॅटरीत पाणी भरत होते. त्यांना माझ्याआधी बातमी पोचली होती.

“वर्षाचं गिऱ्हाईक घालवलंस,” ते म्हणाले. “भर सणाचं.”

“आप्पा, ती टेप आज कुणी लावली?”

ते खाली बघून पाणी ओतत राहिले. “सराफ म्हणले लाव. डायवरला दिली मी.”

“तुम्हाला ठाऊक होतं सूट संपली?”

“आपलं काम वाजवायचं. आत काय हाय ते गिऱ्हाइकाचं. लगीन असो, सभा असो. उद्या एखाद्या सभेत पुढारी खोटं बोलला तर मी माईक काढून घेऊ काय?”

“तिथं पुढारी सोता बोलतो, आप्पा! लोक त्याचं तोंड बघत्यात. हितं मी बोलले. साखरबाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं, तुमच्याकडं न्हाई, हौसरावांकडं न्हाई!”

आई आतून पुरणाचा हात घेऊन आली. “हळू बोल. शेजार ऐकतोय.”

“ऐकू दे! नदीपल्याडच्या गावांनी ऐकलंय, शेजारानं ऐकलं तर काय बिघडतंय?”

“बापाशी आसं बोलत्यात व्हय?”

मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून आवाज आणखी चढत होता. आप्पांनी बॅटरीचं बूच लावलं, हात पुसले. त्यांचा चेहरा रागाचा होता, पण नेमका कुणावरचा ते त्यांनाही ठरवता येत नसावं.

“मग काय करावं म्हणतीस?” ते शेवटी खेकसले. “सांग की. लई शानी झालीस ना?”

“सांगते. उद्या सकाळी जीप निघंल. टेप न्हाई, मी बसणार. न्हावरं, पारगाव, राहू, केडगाव, दौंड, जिथं जिथं माझा आवाज गेला तिथं तिथं मी सोता जाऊन सांगणार, की सूट संपली, येऊ नका, तुमचा दिवस वाया घालवू नका. डिझेल माझ्या वक्तृत्वाच्या बक्षिसाच्या पैशातनं घाला. डायवरनं न्हाई म्हणलं तर तुम्ही चालवा. तुम्ही न्हाई म्हणलात तर मी कर्णा आन् बॅटरी एसटीच्या टपावर टाकून नेणार. आन् आई, लक्ष्मीपूजनाला माझी वाट बघू नको, मला दौंडहून यायला उशीर व्हईल.”